पोट शांत, तरी एएलपी वाढलेलं: कोलायटिसच्या पेशंटमधला पीएससी

प्रश्न: माझा धाकटा भाऊ 34 वर्षांचा आहे, दापोलीजवळ राहतो. सहा वर्षांपूर्वी त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याची जुनाट सूज, निघाला. मेसालामीन चालू आहे आणि गेलं दीड वर्ष पोट अगदी छान आहे. रक्ततपासणीत अल्कलाइन फॉस्फटेज 412 आलं, दोन महिन्यांनी 385. बिलिरुबिन नॉर्मल, सोनोग्राफी नॉर्मल. आता एमआरसीपीच्या, म्हणजे पित्तनलिकांच्या एमआरआयच्या, रिपोर्टात ‘प्रायमरी स्क्लेरोजिंग कोलँजायटिस’ असं लिहिलंय. डॉक्टर म्हणतात, दरवर्षी एमआरआय आणि दरवर्षी कोलोनोस्कोपी. त्याला काहीच त्रास नाही, मग पोट शांत असताना हे कशासाठी? आणि याचा कॅन्सर होतो का?

उत्तर:

शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगतो, कारण घरातल्यांची झोप त्यानंच उडालेली असते. हो, पीएससी, म्हणजे पित्तनलिका व्रणांनी अरुंद करणारा हा प्रायमरी स्क्लेरोजिंग कोलँजायटिस, झाला की पित्तनलिकेच्या आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढतो. पाश्चात्त्य देशांतल्या आकड्यांनुसार पीएससीच्या शंभर पेशंटमागे वर्षाला साधारण एकाला पित्तनलिकेचा कॅन्सर होतो आणि आयुष्यभराचा हिशेब धरला तर दहा ते पंधरा जणांना. म्हणजे बहुतेकांना तो होत नाही. पण ज्यांना होतो, त्यांतल्या एक तृतीयांश किंवा त्याहूनही जास्त जणांत तो पीएससीचं निदान झाल्यापासून पहिल्या वर्षातच सापडतो. म्हणून हे पहिलं वर्ष सैल सोडायचं नाही. आतड्याचं म्हणाल, तर नुसत्या कोलायटिसपेक्षा कोलायटिस अधिक पीएससी असताना धोका चार-पाच पट धरतात.

आता तुमच्या भावाच्या 412 कडे येऊ. एएलपी, म्हणजे अल्कलाइन फॉस्फटेज, हे एन्झाइम यकृतात पित्ताच्या बारीक वाटांच्या कडेला असतं, आणि हाडांतही असतं. पित्त तुंबलं की यकृताच्या पेशी ते जास्त तयार करायला लागतात आणि ते रक्तात उतरतं. पेशी फुटल्यावर एएलटी, म्हणजे आपण ज्याला एसजीपीटी म्हणतो ते वाढतं. एएलपीचं तसं नाही. त्यामुळे यकृत किती खराब झालं हे एएलपीवरून कळत नाही, वाट कुठेतरी अडली आहे एवढं कळतं. दुसरं म्हणजे पीएससीत हा आकडा आपला आपण वरखाली होतो. मधेच नॉर्मलसुद्धा येतो. एखादा काढा सुरू केल्यावर 385 चा 210 झाला म्हणून पेढे वाटलेले लोक मी पाहिलेत. त्यात काढ्याचा काही वाटा नव्हता. काढ्यांतल्या गुळवेलीनं यकृताला सूज आल्याच्या केसेस मात्र नोंदलेल्या आहेत, त्यामुळे भावाला ती देऊ नका. काविळीची माळ गळ्यात घालायला माझी हरकत नाही, ती पोटात जात नाही.

हाडांचा प्रश्न आधी मिटवावा लागतो. आपल्याकडे ड जीवनसत्त्वाची कमतरता घरोघरी आहे आणि तिनंही एएलपी वाढतं. सोबत जीजीटी हे यकृताचं दुसरं एन्झाइम तपासलं की उलगडा होतो. जीजीटी हाडांत वाढत नाही. दोन्ही वाढले असतील तर उगम यकृतात. भावाच्या कागदांत जीजीटी नसेल तर करून घ्या, स्वस्त तपासणी आहे. अँटीमायटोकाँड्रियल अँटिबॉडी, हिपॅटायटिस बी-सी आणि आयजीजी-4 या तपासण्याही एकदा व्हायला हव्यात. आयजीजी-4 ची खास आठवण करतो, कारण आयजीजी-4 शी संबंधित आजारात पित्तनलिका हुबेहूब अशाच दिसतात, पण तो स्टेरॉइडनं बरा होतो. पीएससी तसा बरा होत नाही. तेव्हा हे दोन आजार एकमेकांत मिसळले तर फार महागात पडतं.

सोनोग्राफी नॉर्मल आली याचं तुम्हाला आश्चर्य वाटलंय. मला नाही वाटलं. खड्यानं नलिका अडली की तिच्या मागचा भाग फुगतो आणि सोनोग्राफीला तो फुगलेला भाग दिसतो. पीएससीत नलिकेच्या भिंतीच व्रणांनी कडक झालेल्या असतात, त्या फारशा फुगत नाहीत. शिपणाच्या रबरी पाइपाला जागोजाग सुतळी करकचून बांधली आणि पाइपही जुना, ताठर झालेला असला, तर पाणी अडेल पण पाइप फुगणार नाही. तसंच हे. बाहेरून सगळं ठीक दिसतं.

एमआरसीपी ती आतली वाट दाखवते. या तपासणीत स्थिर द्रव पांढरा उजळ दिसतो, बाकी सगळं काळं. त्यामुळे पित्ताचा प्रवाह फांद्या फुटलेल्या झाडासारखा समोर येतो. निरोगी माणसात या फांद्या टोकाकडे एकसारख्या निमुळत्या होत जातात. पीएससीत एक छोटी अरुंद जागा, मग जरा रुंद, पुन्हा अरुंद, असं दोऱ्यात मणी ओवल्यासारखं दिसतं, आणि बारीक फांद्या दिसेनाशा होऊन झाड बोडकं वाटतं. कोलायटिसच्या पेशंटमध्ये एएलपी सहा महिने वाढलेलं, एमआरसीपीत असं चित्र, आणि दुसरं कारण नाही, एवढं जुळलं की निदान पक्कं. ‘दुसरं कारण नाही’ हे मात्र नीट पाहावं लागतं. पित्तनलिकेतले जुने खडे, पित्ताशयाच्या ऑपरेशनमधली इजा, पोर्टल व्हेन बंद होऊन आजूबाजूला फुगलेल्या शिरांचा नलिकेवर दाब, यांनीही नलिका वेडीवाकडी होते, आणि आपल्या देशात ही कारणं दुर्मीळ नाहीत.

लिव्हर बायोप्सी लागेल का, असं पुढे कुणीतरी विचारेलच. चित्र स्पष्ट असेल तर नाही. एमआरसीपी नॉर्मल असूनही एएलपी वाढलेलं राहिलं, किंवा एसजीपीटी खूप वाढून सोबत ऑटोइम्यून हिपॅटायटिसची शंका आली, तरच सुई घालतो. ईआरसीपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून नलिकेत रंग सोडणं, निदानासाठी करू नये. तिनं स्वादुपिंडाला सूज येऊ शकते आणि अडलेल्या नलिकांत जंतू शिरू शकतात. आत काही काम करायचं असेल तेव्हाच ती करायची.

एमआरसीपीच्या दर्जाविषयी थोडं बोलायला हवं, कारण पुढची वीस-तीस वर्षं तिच्या आधारावर काढायची आहेत. पेशंट खाऊन आला असेल तर जठरातलं पाणीही पांढरं दिसतं आणि नलिका त्याच्या मागे लपतात, म्हणून चार ते सहा तास उपाशी राहायचं. श्वास नीट रोखला नाही तर फांद्या हलतात आणि हललेली फांदी अरुंद वाटते. शिवाय एमआरसीपी वाट दाखवते, भिंत दाखवत नाही. भिंतीतली जाडी किंवा गाठ पाहायची तर लिव्हरचा पूर्ण एमआरआय, तोही कॉन्ट्रास्टसह, लागतो. पहिल्या वेळी तो तसा झाला नसेल तर करून घ्या. पुढे ज्या चित्राशी तुलना करायची, तेच अपुरं असलं तर प्रत्येक नव्या चित्रात शंका निघत राहील.

आता हर्णैच्या एका पेशंटची गोष्ट सांगतो, म्हणजे भावाच्या डॉक्टरांनी सगळं आत्ताच का धरलंय ते कळेल. वय 41, स्वतःची बोट, नऊ वर्षांचा कोलायटिस, पोट शांत. नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले. आधीचे पंधरा दिवस तो भावकीच्या शेतात चिखलात उभा होता. पावसाळ्यात कोकणात ताप आणि कावीळ म्हटली की पहिलं नाव चिखलपाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचं, म्हणजे लेप्टोचं येतं, आणि ते यायलाच हवं. त्याला सेफ्ट्रायॅक्झोन हे अँटिबायोटिक दिलं, तीन दिवसांत ताप उतरला. लेप्टो बरा झाला, असं समजून घरी सोडलं.

तीन आठवड्यांनी पुन्हा तसाच ताप, तशीच कावीळ. तेव्हा तो माझ्याकडे आला. गोम अशी की सेफ्ट्रायॅक्झोन लेप्टोवर चालतं आणि पित्तनलिकेतल्या बऱ्याच जंतूंवरही चालतं. औषधाला गुण आला म्हणून निदान बरोबर ठरत नाही. त्याचे दोन्ही वेळचे कागद शेजारी ठेवले. लेप्टोत स्नायू फार दुखतात, पोटऱ्या दाबल्या तरी माणूस ओरडतो, डोळे लाल होतात, क्रिएटिनिन वाढतं, प्लेटलेट पडतात. याचं क्रिएटिनिन आणि प्लेटलेट दोन्ही वेळा नॉर्मल होते. बिलिरुबिन 4.2 आणि एएलपी 690. मग मागची पानं उलटली. दोन वर्षांपूर्वी एएलपी 318, वर्षभरापूर्वी 346. दोन्हींच्या शेजारी लॅबनं ठळक अक्षरात ‘एच’ छापलेलं, आणि कुणीच विचारलेलं नाही. विचारलं कशाला असतं? “पोट काही म्हणत नाही, डॉक्टर,” असं तो प्रत्येक वेळी सांगत आला होता.

एमआरसीपीत मण्यांची माळ तर होतीच, शिवाय डावी मुख्य नलिका यकृताच्या दारापाशी अगदी सुतासारखी अरुंद झालेली आणि तिच्या मागच्या फांद्या फुगलेल्या. सीए 19-9 ही कॅन्सरच्या संशयासाठीची रक्ततपासणी केली तर 210. कुणीतरी इंटरनेटवर पाहिलं आणि घरात रडारड झाली. हा ट्यूमर मार्कर फार फसवा आहे. कावीळ आणि नलिकेत संसर्ग असताना तो कॅन्सर नसतानाही चढतो. उलट काही लोकांच्या रक्तात तो जन्मतःच तयार होत नाही, त्यांना कॅन्सर असला तरी आकडा खालीच राहतो. म्हणून ताप-कावीळ चालू असताना केलेल्या सीए 19-9 वर मी निर्णय घेत नाही. त्याला मुंबईला पाठवलं. तिथे अँटिबायोटिकच्या आवरणाखाली ईआरसीपी झाली, अरुंद जागा फुग्यानं रुंद केली आणि त्याच वेळी ब्रशनं घासून पेशी तपासायला घेतल्या. स्टेंट ठेवला नाही. नुसत्या फुग्यानं काम भागत असेल तर तेच बरं, स्टेंटनं संसर्ग आणि स्वादुपिंडाची सूज वाढते. पेशींत कॅन्सर नव्हता. पण एका ब्रशमध्ये काही सापडलं नाही म्हणून कॅन्सर नाहीच, असं म्हणता येत नाही, कारण हा कॅन्सर व्रणाच्या ऊतीत लपतो आणि ब्रश वरवरच्या पेशी घेतो. सहा आठवड्यांनी सीए 19-9 परत केलं, 34 आलं. तीन महिन्यांनी कॉन्ट्रास्ट एमआरआय केला, गाठ नाही. तेव्हा कुठे मी त्याला सांगितलं, की ही अरुंद जागा आजाराची आहे, कॅन्सरची वाटत नाही.

मग मी कोलोनोस्कोपीचं नाव काढलं. तो चिडला. तुमच्या भावासारखंच त्याचं म्हणणं, पोट ठीक असताना कशाला?

पीएससीबरोबर येणारा कोलायटिस जरा वेगळ्या जातीचा असतो. तो बहुधा पूर्ण मोठ्या आतड्यात असतो, पण सौम्य. उजव्या बाजूला जास्त, आणि गुदाशयाचा भाग पुष्कळदा मोकळा. रक्त पडणं, घाईनं धावत जाणं, ही लक्षणं मुख्यतः गुदाशय सुजल्यावर होतात. गुदाशयच शांत असेल तर वर उजवीकडे वर्षानुवर्षं धग राहते आणि माणसाला पत्ता नसतो. कॅन्सरपूर्व बदलही उजवीकडेच जास्त होतात. म्हणून अर्धी स्कोप, म्हणजे सिग्मॉइडोस्कोपी, इथे कामाची नाही. साध्या कोलायटिसमध्ये कॅन्सरसाठीची पाहणी आजार सुरू झाल्यापासून साधारण आठ वर्षांनी सुरू करतात. पीएससी निघाला की ती सवलत संपते. निदानाच्या वेळीच पहिली, मग दरवर्षी.

आणि ‘पोट शांत असताना’ याचं उत्तर असं, की हीच वेळ योग्य. आतडं सुजलेलं असताना सुजेनं बदललेल्या पेशी आणि कॅन्सरपूर्व पेशी यांतला फरक पॅथॉलॉजिस्टलाही नीट करता येत नाही. पाहणी मुद्दाम शांत काळातच करतात.

त्या बोटवाल्याची स्कोप मी केली. स्कोप बाहेर घेताना निळा रंग फवारत येतो, म्हणजे आतड्याच्या घड्यांच्या खाचांत रंग बसतो आणि सपाट उंचवटे उठून दिसतात. चढत्या आतड्यात 12 मिलिमीटरचा एक सपाट पट्टा दिसला. रंगाशिवाय त्याच्यावरून नजर सहज घसरली असती, माझीही. तो अख्खा काढला. रिपोर्ट आला, लो ग्रेड डिस्प्लेझिया, कडा स्वच्छ. म्हणजे कॅन्सर नाही, पण त्याच्या रस्त्यावरचा थांबा. सहा महिन्यांत पुन्हा पाहिलं, जागा साफ होती. असे पट्टे अनेक असतील, किंवा काढता येत नसतील, तर आतडं काढण्याची चर्चा करावी लागते. त्याच्यावर ती वेळ आली नाही.

भावाच्या स्कोपच्या वेळी डॉक्टरांना रंग वापरणार का हे जरूर विचारा. पीएससी असेल तर रंगासोबत दर दहा सेंटिमीटरवर चार, असे नमुनेही घेतात. एकूण तीसएक बाटल्या-तुकडे झाले आणि लॅबचं बिल पाहून तुम्ही दचकलात तर ती लूट नाही. उलट फक्त दोन तुकडे पाठवले असतील तर विचारा का. तयारीचं औषध अर्धं आदल्या रात्री आणि अर्धं पहाटे घ्यायचं. आदल्या दिवशी कोकम सरबत, सोलकढी, बीट बंद. लाल द्रव आत रक्तासारखा दिसतो आणि मग उगाच दोन मिनिटं तोच धुत बसावं लागतं. शहाळं, ताक गाळून, निवळ पेज चालेल. आणि तयारीचं औषध पिऊन दापोलीहून एसटीनं निघू नका, आदल्या रात्रीच गावात मुक्काम करा.

औषधांचं थोडक्यात सांगतो, कारण सांगण्यासारखं थोडंच आहे. अर्सोडीऑक्सिकोलिक ॲसिडनं एएलपी उतरतं, पण आयुष्य वाढतं किंवा यकृतरोपण टळतं असं सिद्ध झालेलं नाही. द्यायचं तर वजनाच्या किलोमागे दिवसाला 13 ते 23 मिलिग्रॅमच्या आत. साठ किलोच्या माणसाला सरासरी 900 ते 1200. किलोमागे 28 ते 30 मिलिग्रॅम देऊन पाहिलेल्या चाचणीचे निकाल 2009 मध्ये आले, आणि त्यात रक्ततपासणी सुधारली पण पेशंट जास्त बिघडले. म्हणून केमिस्टकडून डोस वाढवून घेऊ नका. खाज सुटायला लागली तर तिच्यासाठी वेगळी औषधं आहेत, सांगा म्हणजे देता येतील.

पुढच्या वर्षाचा बेत माझ्या हाती असता तर असा केला असता. जीजीटी, आयजीजी-4 आणि ड जीवनसत्त्व आत्ता. कोलोनोस्कोपी पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत, पोट शांत आहे तोवर. कॉन्ट्रास्टसह एमआरआय राहिला असेल तर तो, आणि नंतर दर वर्षी त्याच मशीनवर एमआरआय-एमआरसीपी. त्याच चित्रांत पित्ताशय पाहायला सांगा. पीएससीत पित्ताशयातल्या पॉलिपकडे काणाडोळा करत नाहीत, आठ मिलिमीटर किंवा मोठा असला तर पित्ताशय काढण्याचाच सल्ला देतात. रक्ततपासणी तीन ते सहा महिन्यांनी.

मधल्या काळात थंडी वाजून ताप, डोळे पिवळे, लघवी गडद, उजव्या बरगडीखाली दुखणं, यांतलं काही झालं तर त्याच दिवशी दवाखाना. पावसाळ्यात असं झालं तर लेप्टोची तपासणी डॉक्टरांना करू द्या, पण पीएससी आहे हे पहिल्या वाक्यात सांगा. त्यांना ते माहीत नसेल तर ते कसं ओळखतील? कावीळ हळूहळू वाढत गेली, वजन उतरलं, किंवा अरुंद जागा आधीच्या चित्रापेक्षा पटकन अरुंद झाली, तर पुढच्या वार्षिक तारखेची वाट पाहू नका.

एक व्यवहाराची गोष्ट. एमआरआयच्या फिल्म आपल्या दमट हवेत एकमेकींना चिकटतात आणि दोन पावसाळ्यांत त्यांवर बुरशी येते. हर्णैच्या त्या पेशंटची जुनी फिल्म मला उजेडासमोर धरून पाहताच आली नाही. कपाटातल्या पिशवीवर अवलंबून राहू नका. रेडिओलॉजी सेंटरमधून सीडी घ्या, तिची पेन ड्राइव्हवर आणि फोनवर एकेक प्रत काढा, आणि पुढच्या वेळी रिपोर्ट लिहिण्याआधी रेडिओलॉजिस्टच्या हातात ती द्या. ‘मागील चित्राशी तुलना केली’ हे वाक्य रिपोर्टात नसेल, तर रिपोर्ट घेऊन परत जा आणि ते करून घ्या.